हिंदीतला नकार

हिंदी आपल्याला येते असं आम्हा विदर्भातल्या लोकांना लहानपणापासूनच वाटत असतं. 1956 पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला आमचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, पण हिंदी काही सीमेपलीकडे गेली नाही. मी वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात राहते. इथून मध्य प्रदेशाची हद्द हाकेच्या अंतरावर. बगीच्याचा सौदा करायला येणारा व्यापारी हिंदी बोलतो, संत्रा तोडायला येणारी टोळी हिंदी बोलते, आणि बसमध्ये अनोळखी माणसाशी आम्हीही आपसूक हिंदीच बोलतो. त्यामुळे ही भाषा कुणाकडून तपासून घ्यावी असं कधी मनातच येत नाही. इंग्रजी लिहिताना आम्ही घाबरतो, चार जणांना दाखवतो. हिंदी मात्र बिनधास्त लिहून पाठवून देतो.

सौदा, प्रवास, दवाखाना एवढ्यापुरतं ते चालतंही. पण कधीतरी त्याच भाषेत आपल्या माणसाला नाही म्हणायची वेळ येते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात हिंदी शिकवते. माझी भाची ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. नागपूरला शिकत असताना तिची एका मुलाशी ओळख झाली. तो लखनौजवळच्या गावचा, नागपूरलाच लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होता. ओळखीचं पुढे जे होतं ते झालं. आता तो आपल्या गावाकडे परतलाय, ही इकडे. वर्षभरात तिच्या लक्षात आलं की आपल्याला तिकडे जायचं नाही. त्याहून खरी गोष्ट अशी की आपलं मन आता त्यात उरलेलं नाही. मुलगा चांगला आहे, भांडण कशाचंच नाही. माझ्याकडे आली तेव्हा तिने निर्णय घेतलेला होता. निरोपाचा मजकूर तेवढा तिला नीट करून हवा होता.

"मावशे, हे वाच न जरा. मले त्याच्यासंगं कठोर नाही व्हायचं, पण मांगं लटकवूनही नाही ठेवायचं."

मला हे वाक्य फार आवडलं. काय हवंय आणि काय नको, दोन्ही तिला पक्कं माहीत होतं. फक्त तिच्या हिंदीतून दोन्ही उलटं होत होतं. फोनवर लिहिलेला मजकूर असा होता:

"आपसे एक जरूरी बात करनी थी। घरवाले नहीं मान रहे हैं, इसलिए अभी शादी का नहीं जमेगा। मुझे अब यह रिश्ता नहीं चाहिए। तुम बहुत अच्छे हो। जब मुझे तुम्हारी गरज थी तब तुम साथ थे। मैं तुम्हें कभी भूल नहीं पाऊँगी। तू अच्छी लड़की देख ले। मेरे को फोन मत कर। सँभल के रहना।"

आपल्याकडच्या कुणालाही हे वाचून वाटेल, की ठीक तर आहे, साधं आहे, कुठे शिवी नाही, कुठे आरोप नाही. मलाही तिचा हेतू स्वच्छ दिसत होता, कारण मी प्रत्येक हिंदी वाक्याखालची मराठी ऐकत होते. त्या मुलाला ती मराठी ऐकू येणार नव्हती. त्याच्यापुढे नुसती हिंदी वाक्यं जाणार होती.

आमच्याकडे हिंदी तीन वाटांनी येते. एक बाजाराची, नागपुरी, 'मेरे को', 'अपन', 'नहीं जमेगा'वाली. दुसरी परीक्षेची. वर्ध्याला 1936 साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत परिचय, कोविदच्या परीक्षा देण्याची रीतच पडली. मीही कोविद केलं. त्या हिंदीत अर्ज उत्तम लिहिता येतो. तिसरी सिनेमा-मालिकांची, जिच्यात लोक एकमेकांना कधीच विसरू शकत नाहीत. भाचीच्या मजकुरात या तिन्ही हिंद्या आळीपाळीने बोलत होत्या. 'आपसे एक जरूरी बात' परीक्षेतून आलं, 'कभी भूल नहीं पाऊँगी' पडद्यावरून, आणि 'मेरे को फोन मत कर' आठवडी बाजारातून. त्या दोघांची आपसात बोलायची जी भाषा होती, ती कुठेच नव्हती.

म्हणून आधी तेच विचारलं. तुम्ही एकमेकांना काय म्हणता?

"तुम. दोघंही तुमच म्हणतो."

मग पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत 'तुम'च राहायला हवं. मराठीत आपण नवऱ्याला, मैत्रिणीला, आईला, देवाला 'तू' म्हणतो. वऱ्हाडात तर बापालाही म्हणतो, त्यात कुणाचा अपमान नसतो. हिंदीतलं 'तू' त्याच्या भागात फार जपून वापरतात. अगदी जवळिकीत येतं किंवा रागात, मधल्या जागी क्वचितच. नातं संपवणाऱ्या ओळीत ते जवळिकीचं वाटणं शक्यच नाही. आणि 'आप'? हिला वाटत होतं की आदराचं आहे, तेव्हा चांगलंच. पण कालपर्यंत 'तुम' म्हणणाऱ्या मुलीने आज अचानक 'आप' म्हटलं, तर निरोप वाचायच्या आधीच दार लावल्याचा आवाज येतो. आदर दाखवायचा तो वाक्यांत दाखवावा, सर्वनाम बदलून नाही. लिपीचंही तसंच. ती दोघं कायम इंग्रजी अक्षरांत हिंदी टाइप करायची. मी तिला म्हटलं, हे लिहितानाही तसंच लिही. एकदम शुद्ध देवनागरीत आलं तर त्याला नोटीस आल्यासारखं वाटेल.

आता मुख्य वाक्य. तिच्या मजकुरात निर्णय दोनदा आला होता, आणि दोन्हीकडे बिघडला होता.

'अभी शादी का नहीं जमेगा' हे तिचं मऊ वाक्य. आपल्याकडे 'सध्या जमत नाही' म्हटलं की समोरचा ओळखतो, विषय संपला. मुलगी पाहून गेलेल्यांचा 'सध्या योग दिसत नाही' असा निरोप आला की कुणी पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला जात नाही. आपला नकार 'सध्या'च्या आड उभा राहतो आणि आपल्याला तो दिसतो. त्या मुलाला मात्र 'अभी'चा अर्थ 'आत्ता' एवढाच कळणार. आत्ता नाही, म्हणजे नंतर हो. तो थांबेल. सहा महिन्यांनी विचारेल, आणि तोवर त्याच्या घरी आलेली स्थळं परत पाठवेल. तिच्या नाजूकपणाची किंमत तो त्याच्या वर्षाने भरेल. 'शायद', 'फ़िलहाल', 'कुछ समय' ही सगळी त्याच जातीची माणसं. परक्या भाषेत यांना निर्णयाच्या वाक्याजवळ फिरकू देऊ नये.

दुसरं, 'मुझे यह रिश्ता नहीं चाहिए'. हे तिने मराठीतल्या 'नको'वरून आणलं. आपल्या 'नको'त विनवणी असते, थकवा असतो, मायाही असते. 'नको रे आता' म्हणताना आपण कुणाला झिडकारत नाही. हिंदीत त्या जागी 'नहीं चाहिए' उरतं, आणि ते दुकानदाराला, भाजीवाल्याला म्हणतात. वस्तू परत करताना म्हणतात. माणूस आणि नातं त्या वाक्यात बसवलं की समोरच्याला आपण वस्तू झाल्यासारखं वाटतं.

मी सुचवलं, 'यह रिश्ता यहीं ख़त्म करना चाहती हूँ' असं लिही.

ती दचकलीच. "ख़त्म? मावशे, हे तर लयच वंगाळ वाटते!"

आमच्याकडे खतम म्हणजे जीव गेला. बैल खतम झाला, माणूस खतम झाला. म्हणून तिने हा शब्द मुद्दाम टाळला होता. पण हिंदीत सिनेमा ख़त्म होतो, साखर ख़त्म होते, ड्यूटी ख़त्म होते. तो साधा रोजचा शब्द आहे, त्याला रक्ताचा वास नाही. दुसऱ्या भाषेत कठोरपणा नकळत शिरतो हे सगळेच सांगतात. त्याची दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही. जे शब्द आपल्या कानाला कठोर लागतात ते त्या भाषेत पुष्कळदा साधे आणि स्वच्छ असतात, आणि त्यांना घाबरून आपण जे मऊ शब्द निवडतो तेच तिथे टोचतात. तिने 'ख़त्म'ला भिऊन 'नहीं चाहिए' घेतलं होतं. शब्दाचा मऊपणा आपल्या कानाने मोजायचा नाही, ज्याला पाठवतोय त्याच्या कानाने मोजायचा. तो कान आपल्याकडे नसला तर ती भाषा घरात बोलणाऱ्या कुणाला तरी विचारायचं.

लग्नाचं वाक्यही वेगळं लिहायला लागलं, कारण 'रिश्ता ख़त्म' म्हटल्यावरही काही मुलांना वाटतं की रागात म्हटलं असेल. 'मैं तुमसे शादी नहीं करूँगी' हे स्पष्ट आहे, पण त्यातलं 'तुमसे' बोट रोखून उभं राहतं, म्हणजे दुसऱ्याशी करेन. 'शादी नहीं कर पाऊँगी' सभ्य आहे, पण त्यात असमर्थता आहे. असमर्थता ऐकली की चांगला माणूस मदतीला धावतो. काय अडचण आहे सांग, आपण सोडवू, म्हणतो. शेवटी लिहिलं, 'हमारी शादी नहीं होगी'. त्यात कुणी कुणाला ढकललेलं नाही, आणि काही शिल्लकही ठेवलेलं नाही.

मध्येच एका ओळीत तिने 'हम यह रिश्ता आगे नहीं बढ़ाएँगे' असं करून पाहिलं. ऐकायला ते छान होतं. पण त्या मुलाच्या भागात 'हम' एकट्या माणसासाठीही म्हणतात, आणि प्रमाण हिंदीत त्याचा अर्थ आपण दोघं. म्हणजे एकतर निर्णय कुणाचा हे धूसर होणार, किंवा त्याच्याही वतीने हिनेच ठरवून टाकलं असं दिसणार. 'मैं'च ठीक.

यानंतर आम्ही कारणावर आलो, आणि तिथे भाषेपेक्षा वेळ जास्त लागला. 'घरवाले नहीं मान रहे हैं' असं तिने लिहिलं होतं. मी विचारलं, घरच्यांना माहीत तरी आहे का?

"नाही."

मग काहून लिहिलं?

"असंच लिहितेत न सगळे."

खरंच, सगळे असंच लिहितात. आपल्याकडे नकाराचं दोष न लागणारं कारण म्हणजे घर. पण हे कारण खोटं तर आहेच, शिवाय ते उघडं आहे. तो उद्या म्हणेल, मी येतो, तुझ्या आईला भेटतो, पाया पडतो. लखनौहून नागपूर गाठून, तिथून बस धरून तो खरंच दारात उभा राहिला तर? आई काही न समजून त्याला चहा देईल. आणि ज्या माणसाने काही वाईट केलं नाही, त्याच्या मनात आपल्या आईविषयी कायमची अढी आपण का बसवायची? मी तिला म्हटलं, निर्णय तुझा आहे तर तो तुझ्याच नावाने जाऊ दे. 'यह फ़ैसला मेरा है, घरवालों का नहीं' एवढ्या एका वाक्याने पुढची कितीतरी ओढाताण वाचते.

खरं कारण सगळं सांगायचं का, हा प्रश्न तिलाही पडला होता. माझं मत असं की कारण एकदाच, एका दमात सांगावं आणि त्याची वकिली करू नये. तीन कारणं दिली की तो एकेक खोडून काढतो. तिचं व्यावहारिक कारण खरं होतं: तिला गाव आणि नोकरी सोडायची नव्हती. पण ते एकटंच लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, मी तिकडे येतो. म्हणून त्याच्याजवळ दुसरं, जास्त खरं वाक्य ठेवलं: 'मेरा मन अब इस रिश्ते में नहीं रहा'. हे लिहिताना ती बराच वेळ थांबली. मीही घाई केली नाही. हे वाक्य त्याला लागणार, यात शंका नाही. पण लागणं आणि कठोर असणं एक नव्हे. त्यात त्याचा दोष काढलेला नाही, तुलना नाही, टोमणा नाही. आणि याच्यावर उपाय सुचवता येत नाही, म्हणून ते त्याला लवकर मोकळं करतं.

'जब मुझे तुम्हारी गरज थी तब तुम साथ थे' ही ओळ तिने कृतज्ञतेने लिहिली होती. मराठीत गरज म्हणजे निकड. हिंदीत 'गरज' म्हटलं की मतलब, स्वार्थ ऐकू येतो. म्हणजे वाक्य असं पोचलं असतं की माझा मतलब होता तोवर तू कामाला आलास. मजकुरातली सर्वांत मायेची ओळ सर्वांत विखारी झाली असती, आणि तिला कधी कळलंही नसतं. 'ज़रूरत' घातलं की वाक्य सावरतं. पण मला वाटलं, इथे मोघम शब्दाची गरजच काय? त्याने नेमकं काय केलं होतं ते तिला विचारलं. तिचे वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा तो रात्र रात्र बाहेर व्हरांड्यात बसून राहायचा. आत सोडत नसत, तरी जायचा नाही. मग तेच लिहिलं. परक्या भाषेत भावनेचे शब्द हुकतात. घडलेली गोष्ट साध्या क्रियापदांत सांगितली तर सहसा हुकत नाही. 'तुम बहुत अच्छे हो' मात्र काढून टाकलं. नाकारताना दिलेलं असं प्रमाणपत्र कुणालाच गोड लागत नाही. 'कभी भूल नहीं पाऊँगी'ही काढलं, कारण त्यात 'तुला विसरू शकणार नाही' अशी कबुली आहे, आणि निरोपाच्या मजकुरात ती परतीची वाट दाखवते. त्याऐवजी 'यह बात मुझे हमेशा याद रहेगी'. आठवण त्या गोष्टीची राहील, हे खरंही आहे.

आणि मग 'मेरे को फोन मत कर'. 'तू अच्छी लड़की देख ले' तर ती स्वतःच खोडायला निघाली होती. त्याने पुढे काय करावं हे सांगायचा हक्क आता आपला नाही, हे तिला वाचतानाच कळलं. पण फोनचं सांगणं भाग होतं.

हिंदीत आज्ञा एकच नसते. 'मत कर' हे 'तू'चं, 'मत करो' हे 'तुम'चं, आणि दोन्ही आत्ता, समोर, तात्काळ. 'मत करना' म्हटलं की ते पुढच्या काळात सरकतं. सांगणाऱ्याच्या आवाजातला हुकूम जातो आणि त्या जागी सांगी येते, विनंतीच्या जवळची. हिंदी शिकवताना हा फरक मला मुलांना फळ्यावर समजावावा लागतो. पुण्या-मुंबईच्या मराठीत याला सरळ जोड नाही, पण आमच्या वऱ्हाडीत ती आहे. आपण 'ये' म्हणतो आणि 'येजो' म्हणतो. 'सांग' आणि 'सांगजो'. 'ये' म्हणजे आत्ता ये, 'येजो' म्हणजे पुढे कधी यायचं तेव्हा ये, आठवणीने ये. लेकीला सासरी पाठवताना आई 'जपून राहजो' म्हणते, 'जपून राहा' म्हणत नाही. मी भाचीला म्हटलं, त्याला वऱ्हाडीत सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतंस?

"फोन नोको करजो आता, असं म्हटलं असतं."

मग झालं तर. जिथे आपल्या तोंडी 'जो' येतो तिथे हिंदीत 'ना' लावायचा. करजो, करना. सांगजो, बताना. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध म्हणून खोडलं जातं, तिच्याकडे ही नाजूक सोय होती आणि ती इथे थेट कामाला आली, याचा मला फार आनंद झाला. त्यात 'भी' घातला. आधी 'मैं नहीं करूँगी', मग 'तुम भी मत करना'. नियम दोघांना सारखा झाला की बंदी वाटत नाही.

शेवटचं 'सँभल के रहना'. हे आपल्या 'सांभाळून राहा'चं रूप, आणि ते लिहिताना तिच्या मनात मायाच होती. पण हिंदीत, तेही नातं तोडल्यावर, ही धमकी वाटते. बघून घेईन, अशी. त्या जागी 'अपना ख़याल रखना' हे रोजचं, सगळे म्हणतात ते.

सगळं जोडल्यावर मजकूर असा झाला:

"कई दिनों से यह बात कहनी थी, सोच-समझकर लिख रही हूँ। मैं यह रिश्ता यहीं ख़त्म करना चाहती हूँ। हमारी शादी नहीं होगी। यह फ़ैसला मेरा है, घरवालों का नहीं। मैं अपना गाँव और नौकरी छोड़ना नहीं चाहती, और सच यह है कि मेरा मन अब इस रिश्ते में नहीं रहा। तुमने कुछ ग़लत नहीं किया। पापा अस्पताल में थे तब तुम रात-रात भर बाहर बैठे रहे, यह बात मुझे हमेशा याद रहेगी। मुझे पता है, यह पढ़कर तुम्हें दुख होगा। एक बार बात करना चाहो तो रविवार शाम सात बजे फ़ोन करना, मैं उठाऊँगी। उसके बाद मैं फ़ोन या मैसेज नहीं करूँगी, तुम भी मत करना। अपना ख़याल रखना।"

यात निर्णयाची वाक्यं आखूड आणि सपाट आहेत, हे मुद्दाम. मऊपणा त्यांच्या आत मिसळलेला नाही, त्यांच्या नंतर आलाय, स्वतःच्या वाक्यांत. मातृभाषेत आपण एकाच वाक्यात नाहीही म्हणू शकतो आणि पाठीवरून हातही फिरवू शकतो. दुसऱ्या भाषेत ती कसरत करायला गेलं की दोन्ही अर्धवट पोचतं. म्हणून वाक्यं वेगळी करायची. 'सॉरी' आम्ही घातलं नाही. तिने काही गुन्हा केला नव्हता, आणि दोनदा माफी मागितली की समोरचा माफ करायला आणि परत न्यायला निघतो. 'तुम्हें दुख होगा' हे मान्य करणं पुरेसं होतं.

पाठवायच्या आधी एक गोष्ट केली. माझ्या शेजारी उत्तर प्रदेशातल्या एक बाई राहतात, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या. कुणाचं काय ते न सांगता, दवाखान्याचा उल्लेख झाकून, त्यांना मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, यात काय सांगितलंय ते एका वाक्यात सांगा. त्या म्हणाल्या, लड़की मना कर रही है, इज़्ज़त से। आणखी एक प्रश्न विचारला: मुलाने वाट पाहावी असं वाटतं का? त्या म्हणाल्या, नाही, यात वाट पाहण्यासारखं काही नाही. 'बरं लिहिलंय का' असं विचारलं की लोक हो म्हणतात. काय कळलं आणि काय उरलं, हे विचारल्याशिवाय मजकुराची परीक्षा होत नाही.

भाचीला एवढंच सांगितलं की हे चॅटमध्ये टाइप करत बसू नको. वहीत लिहून घे आणि एकदम पाठव. तासभर 'टायपिंग' दिसत राहिलं तर त्याचा जीव टांगणीला लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर दुरुस्तीला पंधरा मिनिटंच मिळतात, आणि बदल केल्याची खूणही दिसते. अशा मजकुरात ती खूण शंका वाढवते. रात्री झोपायच्या वेळी पाठवू नको, त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी पाठव, म्हणजे त्याला कुणाजवळ तरी जाता येईल.

हे सगळं सभ्य माणसासाठी आहे, हेही लिहायला हवं. जो धमकावतो, फोटो पसरवीन म्हणतो, दारात येऊन उभा राहतो, त्याला रविवारचा फोन द्यायचा नाही आणि आभाराची ओळही नाही. तिथे एक आखूड नकार, त्याच्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट, आणि घरातलं एखादं मोठं माणूस किंवा पोलीस.

त्याचं उत्तर दुपारी आलं. "ठीक है। आपकी बात समझ गए हम। रविवार को फ़ोन करेंगे।" भाची घाबरून माझ्याकडे आली. कालपर्यंतचं 'तुम' त्याने सोडलं होतं. "रागावला काय व?" तो दुखावला होता, हे उघड होतं. पण त्याच्या भागात घरातली माणसं लहान मुलांनाही 'आप' म्हणतात. तो ओरडला नव्हता, आपल्या घरच्या भाषेत मागे सरकला होता. त्याने सर्वनाम बदललं म्हणून हिनेही बदलायचं नाही, हे मी तिला सांगितलं. आणि आत्ता उत्तर देऊ नको, रविवारीच बोल.

रविवारच्या फोनसाठी तिने वहीच्या पानावर दोन वाक्यं लिहून ठेवली होती, कारण बोलता बोलता गळा दाटला की आधी परकी भाषा सुटते. त्याने विचारलं, दुसरं कुणी आहे का? ती नाही म्हणाली, ते खरंच होतं. त्याने विचारलं, मी तिकडे नोकरी पाहिली तर? तिने वहीतलं पहिलं वाक्य वाचलं, "नौकरी की बात नहीं है, मेरा मन नहीं रहा।" थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्याने तिच्या आईची तब्येत विचारली, तिने सांगितली, आणि फोन त्यानेच ठेवला. दुसरं वाक्य वाचायची वेळ आली नाही.